पत्रिकेतला 'शूद्र' आणि साडेसव्वीस गुण

*नमस्कार. माझ्या मुलीचं लग्न ठरायच्या बेतात आहे. मुलगा तिच्याच ऑफिसातला, आम्हाला मनापासून पसंत. जाती वेगळ्या आहेत, त्याला आम्हा नवरा-बायकोची हरकत नाही. पण सगळे करतात म्हणून पत्रिका जुळवून आणली आणि कागदावर छापून आलं: 'वर्ण – कन्या: ब्राह्मण, वर: शूद्र, गुण 0'. एकूण गुण साडेसव्वीस. माझा भाऊ म्हणतो, 'बघ, जात पत्रिकेतच आली.' तो कागद मुलाच्या वडिलांच्याही हाती गेला. तेव्हापासून ते आमच्याशी बोललेले नाहीत. वर्ण म्हणजे जात का? आणि इथे शून्य असेल तर लग्न करू नये का? मुलीची रास कर्क, नक्षत्र पुष्य. मुलाची तूळ, स्वाती.*
*– एक आई, भांडुप*

ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. तो शब्द मुलाच्या जातीवरून आलेला नाही, तो मुलगा जन्मला त्या वेळी चंद्र तूळ राशीत होता म्हणून आलेला आहे. आणि त्या शून्याने छत्तीसपैकी एकच गुण गेला आहे. पण एवढं सांगून तुमच्या भावाचं समाधान होणार नाही आणि मुलाच्या वडिलांचं दुखणं तर मुळीच जाणार नाही. म्हणून हा 'वर्ण' कसा ठरवतात ते आधी नीट पाहू.

गुणमेलनाच्या तक्त्यात आठ ओळी असतात. वर्णाला 1 गुण, वश्याला 2, तारेला 3, योनीला 4, ग्रहमैत्रीला 5, गणाला 6, राशिकूटाला 7 आणि नाडीला 8. बेरीज छत्तीस. या सगळ्यांत वर्णाचं वजन सर्वांत कमी. तो काढायला माणसाबद्दल फक्त एक गोष्ट लागते, ती म्हणजे त्याची चंद्ररास. आडनाव लागत नाही, आई-वडील लागत नाहीत, गाव लागत नाही.

राशींची वाटणी तर अगदी मोजून केलेली आहे. मीन ब्राह्मण धरायची, पुढची मेष क्षत्रिय, वृषभ वैश्य, मिथुन शूद्र. चार झाल्या की पुन्हा पहिल्यापासून: कर्क ब्राह्मण, सिंह क्षत्रिय, कन्या वैश्य, तूळ शूद्र. मग वृश्चिक ब्राह्मण, धनू क्षत्रिय, मकर वैश्य, कुंभ शूद्र. बारा राशी, चार नावं, तीन फेऱ्या. सुमारे 1600 साली काशीत रामदैवज्ञांनी लिहिलेल्या 'मुहूर्तचिंतामणी'च्या विवाहप्रकरणात ही वाटणी आहे आणि आज आपल्याकडे कॉम्प्युटरवर निघणाऱ्या बहुतेक पत्रिका तीच वापरतात. मोजणी अशी केली की जलराशी ब्राह्मणाच्या खणात पडतात, अग्निराशी क्षत्रियाच्या, पृथ्वीराशी वैश्याच्या आणि वायुराशी शूद्राच्या. पुढे जे नवे अर्थ लावले गेले त्यांचा सगळा आधार या तत्त्वांवर आहे. त्यांच्याकडे मी येतेच.

आता चंद्राची चाल बघा. तो एका राशीत सव्वादोन दिवस असतो. परळच्या वाडिया प्रसूती रुग्णालयात त्या सव्वादोन दिवसांत जितकी बाळं जन्मली, तितक्या सगळ्यांचा 'वर्ण' एकच. वरळीच्या कोळ्याचं, गिरगावातल्या भटजींचं, मदनपुऱ्यातल्या मोमिनाचं, माझगावच्या ख्रिश्चन कुटुंबाचं, सगळ्यांचं एकच. चंद्र पुढच्या राशीत गेला की पुढच्या खाटेवरच्या बाळाचा वर्ण वेगळा. नऊ दिवसांत चारही वर्ण होऊन जातात. पुष्य ते स्वाती सात नक्षत्रांचं अंतर आहे आणि चंद्राला एका नक्षत्राला साधारण एक दिवस लागतो. म्हणजे तुमची लेक तुमच्याच पोटी, त्याच घरात, फक्त एक आठवडा उशिरा जन्मली असती तर तिच्याही कागदावर 'शूद्र' छापलं असतं. तुमच्या भावाला हे एवढंच विचारा: एका आठवड्याने भाचीची जात बदलली असती का?

तुमच्या पत्रातलं नक्षत्र वाचून मी आणखी एक गोष्ट तपासली. जन्मवेळ चार-सहा मिनिटांनी चुकली असली किंवा पंचांग दुसरं घेतलं तर वर्ण बदलतो का? काहींचा बदलतो. पुनर्वसूच्या तिसऱ्या चरणापर्यंत रास मिथुन, चौथ्या चरणात कर्क. म्हणजे चरण ओलांडला की शूद्राचा ब्राह्मण. विशाखाच्या तिसऱ्यातून चौथ्या चरणात जातानाही तसंच, तुळेची वृश्चिक होते. शिवाय आपल्याकडे दोन गणितं चालतात. दाते पंचांग चित्रापक्षाचं आहे आणि टिळक पंचांग मानणारी घरं रैवतपक्षाने चालतात. दोघांत साधारण चार अंशांचा फरक पडतो. रास तीस अंशांची असते, म्हणून साताठ जणांमागे एकाची रास, आणि राशीबरोबर वर्ण, एका पंचांगात एक आणि दुसऱ्यात दुसरा निघतो. तुमच्या दोन्ही मुलांची नक्षत्रं मात्र राशीच्या कडेला नाहीत. पुष्य सगळं कर्केत, स्वाती सगळं तुळेत, आणि चार अंश पुढे सरकवले तरी दोघं आपापल्या राशीतच राहतात. म्हणून 'पत्रिका चुकीची असेल, दुसरीकडून काढून आणू' या वाटेने जाऊ नका. दुसरीकडूनही बहुधा हेच छापून येईल आणि तोच शब्द त्या घरात दुसऱ्यांदा जाईल.

मग हा गुण मोजतो काय? नियम एका ओळीचा आहे. वराचा वर्ण वधूच्या बरोबरीचा किंवा वरचा असेल तर एक गुण, खालचा असेल तर शून्य. चार वर्णांच्या सोळा जोड्या होतात. त्यांतल्या दहा जोड्यांना गुण मिळतो, सहांना नाही. त्या सहाही जोड्यांत बायको वरची आहे. तुमच्याच जोडीत मुलगा कर्केचा आणि मुलगी तुळेची असती तर त्याच दोन राशी, तेच दोन वर्ण, आणि गुण पूर्ण एक. म्हणजे दोन माणसं एकमेकांना किती जुळतात हे या ओळीत मोजलेलंच नाही. नवरा वर आहे ना, एवढंच बघितलं आहे. 'मुहूर्तचिंतामणी'तला नियमही तेवढाच आहे: वरापेक्षा वरच्या वर्णाची वधू चांगली नाही. स्वभाव, बुद्धी, वागणूक यांचा त्यात शब्दही नाही.

हा नियम ज्योतिषाने आकाशातून आणलेला नाही. पुरुष वरच्या वर्णाचा आणि स्त्री खालच्या वर्णाची, तो अनुलोम विवाह. उलट असेल तर प्रतिलोम. धर्मशास्त्राने पहिला चालवून घेतला आणि दुसऱ्याला नावं ठेवली. आपल्या मुंबईत तर हे कोर्टापर्यंत गेलेलं आहे. 1912 साली मुंबई उच्च न्यायालयाने शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांचं लग्न अवैध ठरवलं, कारण ते प्रतिलोम. 1922 साली त्याच न्यायालयापुढे वैश्य पुरुष आणि शूद्र स्त्री यांचं लग्न आलं आणि ते वैध ठरलं, कारण ते अनुलोम. तुमच्या कागदावरच्या '0' आणि '1' चा हिशेब नेमका हाच आहे. फरक इतकाच की कोर्ट माणसांचा वर्ण त्यांच्या घराण्यावरून ठरवत होतं आणि पत्रिका तो चंद्रावरून ठरवते. 1949 च्या कायद्याने जातीच्या कारणावरून लग्न अवैध ठरवणं बंद झालं आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात तेच कायम राहिलं. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. कायद्याने ती उतरंड काढून टाकून आता पाऊणशे वर्षं होऊन गेली. तक्त्याच्या पहिल्या ओळीत मात्र ती तशीच राहून गेली, कारण एका गुणाची ओळ कोण कशाला तपासतो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला जरा सविस्तर द्यायला हवं. हा वर्ण म्हणजे त्या मुलाची जात नव्हे, हे गणिताने शंभर टक्के खरं आहे. पण ही नावं आणि त्यांचा क्रम जातिव्यवस्थेतूनच उचललेला आहे. त्यामुळे 'हे नुसतं राशीचं नाव आहे, मनावर घेऊ नका' असं मुलाच्या वडिलांना कुणी सांगितलं तर ते त्यांना पटणार नाही, आणि त्यांना ते पटू नये हेच बरोबर आहे. ज्या शब्दाने पिढ्यान् पिढ्या माणसं उंबऱ्याबाहेर उभी केली, तोच शब्द मुलाच्या नावापुढे छापून होणाऱ्या व्याह्यांच्या घरून येतो. राशीचं कारण ऐकून ती जखम भरत नाही.

भावाशी बोलताना मात्र शास्त्रातलीच एक गोष्ट तुमच्या हाती आहे. गुणमेलनातल्या दोषांना परिहार सांगितलेले असतात आणि वर्णदोषाचा एक परिहार पत्रिका पाहणाऱ्या बहुतेकांना पाठ असतो: राशीचा वर्ण हलका पण राशिस्वामीचा वर्ण वरचा असेल, तर राशी सोडून स्वामीचा वर्ण घ्यावा. ग्रहांना वेगळे वर्ण दिलेले आहेत, आणि ते वराहमिहिरांपासून आहेत. गुरू आणि शुक्र ब्राह्मण, रवी आणि मंगळ क्षत्रिय, चंद्र वैश्य, बुध शूद्र, शनी अंत्यजांचा. आता तुमच्या जोडीला हे लावून बघा. तुळेचा स्वामी शुक्र. कर्केचा स्वामी चंद्र. म्हणजे स्वामी धरले तर मुलगा ब्राह्मण आणि मुलगी वैश्य. सगळा क्रमच फिरला आणि शून्याचं कारणच उरलं नाही. ज्या शास्त्राच्या जोरावर तुमचा भाऊ बोलतो आहे, त्याच शास्त्रात हा दोष धरायचा नाही असं लिहिलं आहे. छापील तक्त्यात परिहार दिसत नाहीत, कारण प्रोग्रॅम साधारणपणे फक्त बेरीज करतो. गुरुजींनी कागद हातात देताना हे तोंडी सांगायला हवं होतं.

पण ताई, हा परिहार भावापुरताच ठेवा. 'आमच्या जावयाचा वर्ण खरं तर ब्राह्मण निघाला' असं म्हणून तो कुणाला सांगू नका आणि मुलाच्या वडिलांपुढे तर चुकूनही काढू नका. तसं सांगणं म्हणजे शिडी तशीच ठेवून त्यांच्या मुलाला आपल्या हाताने वरच्या पायरीवर चढवणं. परिहाराचा उपयोग एवढाच की राशी पाहिली तर मुलगा खाली, स्वामी पाहिला तर मुलगा वर, हे भावाला दिसावं. एकाच माणसाबद्दल दोन उलट गोष्टी सांगणारं लेबल माणसाबद्दल काहीच सांगत नाही.

आता नवे अर्थ. हल्ली मुंबईत पत्रिका पाहणारे बरेच जण, विशेषतः तरुण, 'ब्राह्मण', 'शूद्र' हे शब्द उच्चारत नाहीत. कुणी म्हणतं, वर्ण म्हणजे माणसाचा पिंड: जलराशीचा माणूस मनात खोल जाणारा, अग्निराशीचा पुढाकार घेणारा, पृथ्वीराशीचा व्यवहार पाहणारा, वायुराशीचा बोलका, चार माणसांत मिसळणारा. कुणी म्हणतं, वर्ण म्हणजे काम करायची पद्धत. कुणी म्हणतं, वर्ण म्हणजे आत्म्याची पातळी किंवा अहंकाराचं मोजमाप.

हे शेवटचं वाचन मला अजिबात मान्य नाही. जातीने खालचा म्हणण्याऐवजी आत्म्याने खालचा म्हणायचं, यात सुधारणा कसली? उलट जात निदान कायद्यापुढे नेता येते. आत्म्याची पातळी सव्वादोन दिवसांच्या चंद्रावरून ठरवली तर त्या माणसाने दाद कुणाकडे मागायची? कुणी गुरुजींनी तुम्हाला हा अर्थ सांगितला तर तिथेच थांबवा.

पिंडाचं आणि कामाच्या पद्धतीचं वाचन त्या मानाने निरुपद्रवी आहे. पण त्यात एक गोम आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. नावं बदलली, तरी गुण द्यायची रीत तीच ठेवलेली असते. 'जल', 'अग्नी', 'पृथ्वी', 'वायू' असं लिहायचं आणि शेवटी पाहायचं काय, तर नवरा त्याच क्रमाने वर आहे का. मुलगी मनाची खोल आणि मुलगा बोलका असेल तर शून्य, आणि मुलगा खोल, मुलगी बोलकी असेल तर एक, याला काय कारण? पिंडाच्या भाषेत याचं उत्तरच देता येत नाही. कारण उतरंडीत होतं आणि उतरंड तर आपण सोडली असं म्हणतो आहोत. जात बाजूला ठेवली, नवऱ्याने वर असण्याची अट मात्र राहून गेली. म्हणून एखादे गुरुजी 'मी जातीचा अर्थ घेत नाही' म्हणाले, तर त्यांना शांतपणे एकच विचारा: 'मग मुलगा-मुलगी उलट केले तर गुण तोच येतो का?' येतो म्हणाले, तर त्यांनी खरोखर जात सोडली आहे. येत नाही म्हणाले, तर फक्त शब्द बदलले आहेत.

प्रामाणिक वाटा माझ्या मते दोनच आहेत. एक, ही ओळ मोजायचीच नाही आणि गुण पस्तीसपैकी पाहायचे. गुणमेलन मानणाऱ्यांनीही यात बिचकण्यासारखं काही नाही. माटुंग्याच्या तमिळ शेजाऱ्यांना विचारा, ते लग्न ठरवताना दहा पोरुत्तम बघतात: दिन, गण, माहेंद्र, स्त्रीदीर्घ, योनी, राशी, राशीचा अधिपती, वश्य, रज्जू आणि वेध. त्या दहांत वर्ण नाही. तिथेही लोक श्रद्धेने पत्रिका पाहतात आणि या ओळीवाचून त्यांचं काही अडत नाही. दुसरी वाट म्हणजे ओळ ठेवायची पण आकडा काढून टाकायचा, आणि ती फक्त दोघांना आपसात बोलायला विषय म्हणून वापरायची.

ही दुसरी वाट तुमच्या मुलांना कशी लावता येईल ते सांगते. कर्क जलतत्त्वाची, तूळ वायुतत्त्वाची. पिंडाचं वाचन म्हणतं, कर्केचा माणूस घर आणि घरची माणसं घट्ट धरून ठेवतो, दुखलं तर आत ठेवतो. तुळेचा माणूस दोन्ही बाजू तोलतो, बोलून सोडवायला बघतो, पण निर्णय लांबवतो. हे तुमच्या मुलांच्या बाबतीत खरं असेलच असं मी म्हणणार नाही. नुसत्या चंद्रराशीवरून स्वभाव सांगता येतो असं माझं मत नाही. पण प्रश्न चांगले निघतात. भांडण झालं की तुमची लेक त्याच रात्री बोलते की दोन दिवस गप्प बसते? तो गप्प बसण्याला राग समजतो का? घर भांडुपला घ्यायचं की त्याच्या आईवडिलांजवळ, हा निर्णय तो 'बघू' म्हणून पुढे ढकलतो आहे का? दोघांना एका संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून हे एकमेकांना विचारू दे. उत्तरं तुम्हाला कळायची गरज नाही.

आता तुमचे साडेसव्वीस गुण. मी तुमच्या दोघांची नक्षत्रं घेऊन ते मांडून पाहिले, कारण साडेनऊ गुण कुठे गेले हे कुणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. नाडी वेगळी, पुष्याची मध्य आणि स्वातीची अंत्य, म्हणून पूर्ण 8. दोन्ही नक्षत्रं देवगणी, म्हणून पूर्ण 6. कर्केपासून तूळ चौथी आणि तुळेपासून कर्क दहावी, राशिकूट शुभ, पूर्ण 7. योनीत 4 पैकी 3. तारेत 3 पैकी दीड, कारण एका बाजूने तारा चांगली येते आणि दुसऱ्या बाजूने नाही. वश्यात 2 पैकी अर्धा. वर्ण 0. आणि ग्रहमैत्रीत 5 पैकी फक्त अर्धा, कारण शुक्र चंद्राला शत्रू मानतो आणि चंद्र शुक्राला सम मानतो. म्हणजे सगळ्यांत मोठी गळती वर्णात नाही, ग्रहमैत्रीत आहे. तिथे साडेचार गुण गेले. आणि परंपरेने ज्या ओळीला मनं जुळण्याची ओळ म्हटलं आहे ती हीच.

हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. छत्तीसात अठरा गुण पुरेसे धरतात आणि तुमचे त्याहून साडेआठ जास्त आहेत. नाडी, गण आणि राशिकूट या तीन वजनदार ओळी पूर्ण भरल्या आहेत. रुढीने पाहणारा कुठलाही गुरुजी या पत्रिकेला नकार देणार नाही. सांगायचं ते दुसरंच. तुमच्या भावाला खरोखर भाचीच्या संसाराची काळजी असती आणि पत्रिकेवर विश्वास असता, तर त्याने बोट ग्रहमैत्रीवर ठेवलं असतं. त्याने ते एका गुणाच्या ओळीवर ठेवलं, कारण तिथे त्याला हवा असलेला शब्द सापडला. त्याची हरकत पत्रिकेच्या आधीची आहे. म्हणून त्याच्याशी गुणांवर वाद घालत बसू नका. हे वरचं एकदा समजावून सांगा आणि मग सरळ विचारा, 'दादा, पत्रिकेत छत्तीस आले असते तर तू या लग्नाला हो म्हणाला असतास का?' तो नाही म्हणाला, तर पत्रिकेचा विषय तुमच्या घरात तिथेच मिटला. पुढचं बोलणं जातीचं आहे आणि ते जात असं म्हणूनच करा.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त टोचली ती मुलाच्या वडिलांची ओळ. ते गप्प आहेत याचा अर्थ त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार करा. त्यांना वर्णकूट ठाऊक असायचं कारण नाही. त्यांनी एवढंच पाहिलं की मुलीकडच्यांनी एक कागद काढला, त्यावर त्यांच्या मुलापुढे 'शूद्र' लिहिलं होतं आणि मुलीपुढे 'ब्राह्मण'. तुम्ही जात विचारून तपासून आणली असंही त्यांना वाटलं असेल.

तुम्ही आणि तुमचे यजमान दोघं त्यांच्या घरी जा. फोन करू नका, मुलांच्या हाती निरोप पाठवू नका, आणि भावाला बरोबर नेऊ नका. पत्रिका घरी ठेवा. तिथे बसल्यावर राशी, चंद्र, परिहार यांतलं काहीही आधी बोलू नका. आधी एवढंच म्हणा: 'तो कागद आमच्या घरातून तुमच्या हाती आला, त्यावर जो शब्द होता तो तुमच्या घरात यायला नको होता. आम्ही तो न वाचताच पुढे जाऊ दिला. आम्हाला माफ करा.' मग थांबा. ते रागावले तर रागावू द्या, मधे समजूत घालू नका. त्यांनी स्वतःहून विचारलं की हे छापलं का जातं, तरच राशींची मोजणी सांगा, आणि तेव्हा तुमच्या मुलीचं उदाहरण द्या: आठवडाभर उशिरा जन्मली असती तर तिच्या नावापुढेही हेच असतं. आणि एवढं सांगा की तुम्ही हा शब्द मानत नाही, त्यांच्याही मुलाच्या बाबतीत नाही आणि स्वतःच्याही लेकीच्या बाबतीत नाही.

तुमच्या पत्रात नाही पण पुढे नक्की येईल ते एक सांगून ठेवते. साखरपुड्याला आणि लग्नाला मुहूर्त काढायला गुरुजी पुन्हा पत्रिका मागतील. त्यांना हा गुणमेलनाचा छापील कागद देऊ नका. जन्मतारीख, वेळ, ठिकाण, रास, नक्षत्र आणि चरण एका कोऱ्या कागदावर हाताने लिहून द्या. मुहूर्ताला तेवढंच लागतं. कुणा नातेवाइकाने 'किती गुण जुळले' विचारलं तर 'साडेसव्वीस' सांगा आणि तक्ता दाखवू नका. विवाह नोंदणीच्या अर्जात जन्मपत्रिका मागत नाहीत. आणि तो कागद ज्यांनी काढून दिला त्या गुरुजींना एकदा जाऊन भेटा. त्यांना सांगा की पहिल्या ओळीतले शब्द खोडून राशीचं तत्त्व लिहिलं आणि गुणांचा रकाना कोरा ठेवला तर त्यांचं काही जात नाही, आणि पुढच्या एखाद्या घरात असा कागद जाणार नाही.